फास्टिंग नॉर्मल, तरीही डायबिटीस? दोन तासांच्या आकड्याचा इतिहास

"डॉक्टर, फास्टिंग तर ९७ आहे. मग डायबिटीस कसा असेल?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चार वेळा तरी विचारला जातो. विचारणारा माणूस बहुधा शिकलेला असतो आणि दरवर्षी न चुकता उपाशीपोटी साखर तपासून घेत असतो. यंदा कुणीतरी ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी केली आणि दोन तासांनंतरचा आकडा २१४ आला. त्याला वाटतं लॅबनं काहीतरी घोळ घातला. बऱ्याचदा घोळ नसतोच. एकाच शरीराला आपण दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात आणि त्यांची दोन वेगळी उत्तरं आलेली असतात.

हे दोन प्रश्न कुठून आले, त्यांचे आकडे कुणी ठरवले आणि त्यावर डॉक्टरांमध्ये काय वाद झाले, हे कळलं की रिपोर्ट वाचणं सोपं जातं. म्हणून आज थोडा इतिहास.

(साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमच्या रिपोर्टवरही तेच एकक असतं.)

ग्लुकोज किती द्यायचं?

ग्लुकोज पाजून साखर मोजण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. मात्र बरीच वर्षं तिला एकच असा नियम नव्हता. अमेरिकेत १०० ग्रॅम ग्लुकोज देत, युरोपात बऱ्याच ठिकाणी ५० ग्रॅम. कुणी एका तासानं रक्त घेई, कुणी दोन तासांनी, कुणी तीन तासांनी. एका गावात जो माणूस मधुमेही ठरे, तो दुसऱ्या गावात निरोगी ठरू शकत होता.

आपल्याकडे १९७०च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, मधुमेहाची पहिली मोठी पाहणी केली. देशातल्या सहा केंद्रांमध्ये आपलं पुणेही होतं. तेव्हा लोकांना ५० ग्रॅम ग्लुकोज दिलं होतं. मधुमेहाचं प्रमाण शहरांत २.१ टक्के आणि ग्रामीण भागात १.५ टक्के निघालं. आजच्या आकड्यांशी याची तुलना करताना थोडं थांबायला हवं, कारण तेव्हाची मोजपट्टीच वेगळी होती.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा गोंधळ मिटवला. ५० आणि १०० च्या मधला ७५ ग्रॅम हा आकडा सर्वांसाठी ठरला आणि मोठ्या माणसांना आजही तेवढंच ग्लुकोज देतात. मधुमेह कशाला म्हणायचं, याच्या दोन रेषाही तेव्हाच आखल्या गेल्या: उपाशीपोटी १४० किंवा जास्त, किंवा ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त.

२०० हा आकडा आला कुठून?

हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पिमा नावाची आदिवासी जमात आहे. तिच्यात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं होतं. १९६०च्या दशकापासून तिथे हजारो लोकांची ग्लुकोज देऊन तपासणी झाली. दोन तासांनंतरचे आकडे मांडले तेव्हा लोकांचे दोन ढीग दिसले. मोठा ढीग कमी साखरेचा होता, छोटा ढीग खूप जास्त साखरेचा आणि मध्ये खोलगट जागा होती. ही खोलगट जागा २०० च्या आसपास होती. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहानं होणारी इजाही मुख्यतः त्या रेषेच्या वरच्या लोकांत दिसत होती. म्हणून २०० ही रेषा कामाची ठरली.

उपाशीपोटीची १४० ही रेषा मात्र तिच्या जोडीला शोभणारी नव्हती. ज्यांची उपाशीपोटी साखर १४० च्या वर होती, त्यांच्यापैकी जवळपास सगळ्यांची दोन तासांची साखर २०० च्या वर असे. उलट बाजूनं पाहिलं तर चित्र वेगळं होतं. दोन तासांनी २०० च्या वर जाणाऱ्या, पण आधी निदान न झालेल्या लोकांपैकी जेमतेम एक चतुर्थांश लोकांचीच उपाशीपोटी साखर १४० पर्यंत पोहोचलेली असे. म्हणजे फक्त फास्टिंग पाहणाऱ्या डॉक्टरच्या हातून अशा चार रुग्णांपैकी तीन निसटत होते.

१९९७: रेषा खाली आली, पण एक तपासणी मागे पडली

ही तफावत कमी करण्यासाठी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या समितीनं १९९७ मध्ये उपाशीपोटीची रेषा १४० वरून १२६ वर आणली. हा निर्णय चांगला होता आणि आजही तीच रेषा चालू आहे. पण त्याच वेळी समितीनं आणखी एक गोष्ट सांगितली. रोजच्या कामात ग्लुकोज पाजण्याची तपासणी करू नका, फास्टिंगवरच भर द्या. कारणं व्यवहाराची होती. फास्टिंग स्वस्त आहे, एकाच सुईत होते आणि माणसाला दोन तास बसवून ठेवावं लागत नाही.

युरोपातल्या संशोधकांनी लगेच आपल्या जुन्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या. या कामाचं नाव 'डिकोड'. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आधी निदान न झालेल्या १५१७ मधुमेही लोकांपैकी सुमारे ४० टक्के फक्त उपाशीपोटीच्या आकड्यावर मधुमेही ठरत होते आणि ३१ टक्के फक्त दोन तासांच्या आकड्यावर. दोन्ही आकडे मधुमेहाचे असलेले लोक जेमतेम २८ टक्के होते. दोन्ही तपासण्या एकच आजार मोजत असत्या, तर हे प्रमाण कितीतरी जास्त यायला हवं होतं. पुढच्याच वर्षी याच गटानं दाखवलं की मृत्यूचा वाढलेला धोका ओळखायला एकटी फास्टिंग पुरत नाही, दोन तासांचा आकडा त्यात वेगळी भर घालतो. नंतर आशियातल्या लोकांवर असाच अभ्यास झाला. तिथे फक्त दोन तासांच्या आकड्यावर सापडणाऱ्यांचा वाटा युरोपपेक्षाही मोठा होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये १२६ ही रेषा मान्य केली, पण ग्लुकोजची तपासणी सोडली नाही. २००६ मध्ये तिनं पुन्हा बजावलं की नुसत्या फास्टिंगवर थांबलं तर निदान न झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक सुटतात.

भारतातही हा फरक दिसला. मुंबईचे डॉ. शौकत सादिकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर केलेल्या 'पोडिस' या पाहणीचे निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपाशीपोटीच्या अमेरिकन निकषानं मधुमेहाचं प्रमाण ३.३ टक्के येत होतं, तर दोन तासांच्या आकड्याचा समावेश असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानं ४.३ टक्के. कागदावर हा एका टक्क्याचा फरक आहे. आपल्या देशाची लोकसंख्या पाहता त्या एका टक्क्यात किती माणसं येतात, याचा हिशेब तुम्हीच करा.

रात्रीचं काम आणि ग्लासातलं काम

आता मूळ प्रश्न. एकाच माणसात हे दोन आकडे वेगळे का निघतात?

निरोगी माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं फक्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. रात्री आपण झोपतो, पोटातून काही येत नाही, पण मेंदूला ग्लुकोज लागतंच. ते यकृत पुरवतं. साठ किलोच्या माणसाचं यकृत तासाला साधारण सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं आणि शरीर तेवढंच वापरतं. हा कारभार संथ असतो. यकृतानं जास्त सोडू नये म्हणून त्याला आवरायला थोडंसं इन्शुलिन लागतं आणि तेवढं पुरतं. सकाळी फास्टिंगमध्ये आपण हेच तपासतो: रात्रभर यकृत आवरात होतं का?

आता ग्लास हातात घ्या. त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज आहे. संपूर्ण रक्तात जेवढं असतं त्याच्या पंधरा पट! ते सगळं एकदम रक्तातच थांबलं असतं तर साखर १५०० च्या वर गेली असती. तसं होत नाही, कारण शरीर तीन कामं एकाच वेळी करतं. स्वादुपिंड पहिल्या काही मिनिटांत आधीच तयार करून ठेवलेलं इन्शुलिन झटक्यात सोडतं आणि नंतर नवं तयार करत राहतं. यकृत आपला पुरवठा बंद करून उलट साखर साठवायला लागतं. आणि स्नायू उरलेल्या साखरेचा मोठा हिस्सा आत ओढून घेतात. तिन्ही कामं वेळेवर झाली तर दोन तासांनी साखर १४० च्या खाली येते.

बिघाड बहुधा पहिल्या झटक्यापासून सुरू होतो. तो कमी होतो किंवा उशिरा येतो. स्नायूही इन्शुलिनचं नीट ऐकत नाहीत. मग साखर वर चढते आणि दोन तासांनीही वरच रेंगाळते. पण स्वादुपिंड पूर्ण थकलेलं नसतं. ते उशिरा का होईना इन्शुलिन सोडतंच. रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तास मिळतात, तेवढ्यात साचलेली साखर उतरते. यकृत अजून आवरात असेल तर सकाळी आकडा येतो ९७.

आपल्या भिवंडीकरांना हे समजावायला मी गटाराचं उदाहरण देतो. गटार अर्धं बुजलेलं आहे का, हे मे महिन्यात कळत नाही. घरांचं रोजचं सांडपाणी त्यातूनही निघून जातं. जुलैमध्ये तासभर मुसळधार पाऊस पडला की रस्त्यावर गुडघाभर पाणी उभं राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहाल तर पाणी ओसरलेलं असतं. फास्टिंग म्हणजे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. ७५ ग्रॅमची तपासणी म्हणजे मुद्दाम पाडलेला पाऊस, आणि पाणी किती वेळात ओसरतं ते घड्याळ लावून पाहणं.

याच्या उलट माणसंही असतात. त्यांचे स्नायू बरे असतात, पण यकृत रात्री ऐकत नाही. त्यांची फास्टिंग आधी वाढते आणि दोन तासांचा आकडा नंतर. डिकोडमधले ते ४० टक्के आठवा. म्हणून एक तपासणी खरी आणि दुसरी खोटी असं नाही.

सडपातळ माणसालाही हे का होतं?

इथे पुण्याचं काम उपयोगी पडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साधारण साडेतीन किलोची. वजनातली ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. आपल्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले होते, चरबी मात्र बरीचशी राखलेली होती.

२००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक छोटं पान छापून आलं. त्यात दोन डॉक्टरांचा फोटो होता, याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा सारखाच दाखवत होता, आतला माल वेगळा होता.

आता वरचा हिशेब आठवा. ग्लासातली साखर ओढून घेणारी मोठी जागा म्हणजे स्नायू. ती जागाच कमी असेल आणि पोटाभोवतीच्या चरबीमुळे इन्शुलिनचा असर कमी पडत असेल, तर जोराच्या पावसात पाणी तुंबणारच. वजनकाटा आणि फास्टिंग, दोन्ही मात्र 'ठीक आहे' म्हणत राहतात.

एक रिपोर्ट वाचून पाहू

नमुन्यासाठी एक रिपोर्ट घेऊ. वय ४६, वजन ६१ किलो, लूमवर काम, आईला मधुमेह. उपाशीपोटी ९७. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २१४. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.२.

९७ हा आकडा १०० च्या खाली आहे, म्हणजे साधा. २१४ हा २०० च्या वर, म्हणजे मधुमेहाच्या टप्प्यात. ६.२ हा मधल्या टप्प्यात, कारण मधुमेहाची रेषा ६.५ आहे. हे तिन्ही एकमेकांशी भांडत नाहीत. दिवसाचे बरेच तास साखर ठीक असते आणि जेवणानंतरचे काही तास जास्त, म्हणून सरासरी मध्येच येते. शिवाय रक्तातलं लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटी वाढू शकते, आणि थॅलेसेमियासारख्या तांबड्या पेशींच्या दोषांत ती चुकीची येऊ शकते. म्हणून तिच्यावरही डोळे झाकून निकाल देता येत नाही.

मग या माणसाला मधुमेही म्हणायचं का? त्याला तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं असं काही नसेल तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही. दोन तासांचा आकडा एकाच माणसात दिवसागणिक बराच हलतो. काही दिवसांनी तपासणी पुन्हा करायची. पुन्हा २०० च्या वर आला तर निदान पक्कं, फास्टिंग कितीही सुंदर असो. दुसऱ्या वेळी १७० आला तर त्याला ग्लुकोज सहन न होण्याचा मधला टप्पा म्हणतात, १४० ते १९९. तोही सोडून द्यायचा नाही. दरवर्षी हीच तपासणी करत राहायची.

'पीपी' आणि ही तपासणी एक नव्हे

आपल्याकडे सर्वांत जास्त गफलत इथे होते. जेवून दोन तासांनी दिलेलं रक्त म्हणजे पीपी. त्यात जेवण किती आणि काय, हे कुणी मोजत नाही. एकजण दोन भाकऱ्या आणि भात खातो, दुसरा रिपोर्ट चांगला यावा म्हणून चहा-बिस्किटावर भागवतो. मधुमेह असलेल्या माणसाचे उपचार कसे चालले आहेत हे पाहायला पीपी चांगली. पण वर सांगितलेली २०० ची रेषा ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या तपासणीसाठी आखलेली आहे. पीपी १५० आली म्हणून मधुमेह नाही, असं त्या रेषेवरून म्हणता येत नाही.

तपासणी नीट व्हावी म्हणून हे पाळा. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, पोळी-भात सोडू नका. तीन दिवस भात-पोळी बंद ठेवून आलेल्या निरोगी माणसाचाही दोन तासांचा आकडा खोटा वाढू शकतो. आदल्या रात्रीपासून आठ ते चौदा तास फक्त पाणी. सकाळी पहिलं रक्त दिल्यावर ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवा. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे, ग्लास रिकामा झाल्यापासून नाही. मधल्या वेळात बसून राहा. बाजारात फेरी, चहा, विडी काहीही नको. उलटी झाली तर लॅबला सांगा, ती तपासणी धरायची नाही. ताप असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही तपासणी पुढे ढकललेली बरी.

रात्रपाळीच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. पहाटे चार वाजता साखरेचा चहा घेऊन सकाळी आठला दिलेलं रक्त फास्टिंग नव्हे. शक्यतो रात्री झोप झालेली असेल असा सुट्टीचा दिवस निवडा.

आणखी एक. रक्त काढल्यावर नळीतल्या पेशी साखर खातच राहतात, त्यामुळे नमुना बराच वेळ पडून राहिला तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी वापरतात आणि रक्त लवकर वेगळं करतात. लॅबमध्ये हे विचारायला लाजू नका. बोटाच्या टोकाच्या मशीनवर निदान पक्कं करू नका.

ही तपासणी कुणी करून घ्यावी?

सगळ्यांनी दरवर्षी दोन तास बसायची गरज नाही. पण आई-वडील किंवा भावंडांत मधुमेह असेल, फास्टिंग १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ येत असेल, वजन बेताचं पण पोट सुटलेलं असेल, तर फास्टिंग चांगली आली म्हणून थांबू नका. गरोदरपणात साखर वाढलेली होती अशा बायकांनी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी ही तपासणी करायलाच हवी, कारण त्यांच्यात नुसती फास्टिंग फार जणींना सोडून देते. (गरोदर असतानाच्या तपासणीचे आकडे वेगळे असतात, वरचे आकडे तिथे लावू नका.) हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि 'शुगर नाही' असं सांगितलं आहे, त्यांनीही ते 'नाही' कोणत्या तपासणीवर ठरलं हे एकदा विचारावं.

पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी त्याच्या वरची ओळ वाचा. उपाशीपोटी, जेवणानंतर की ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर, हे तिथे लिहिलेलं असतं. आकड्याचा अर्थ त्या ओळीवर ठरतो.